नावावर घेतलेले तिकीट

हेल्पडेस्कवर आलेली प्रत्येक तक्रार एक 'तिकीट' बनून सामाईक रांगेत पडते. या रांगेला तिथले लोक क्यू म्हणतात. रिकामा असलेला एजंट क्यूमधून एक तिकीट उचलतो आणि आपल्या नावावर घेतो. त्या क्षणापासून ते बाकीच्यांच्या नजरेतून जाते. क्यूमध्ये पडून असलेले तिकीट दहा जणांना दिसते, कोणी ना कोणी ते उचलतो. एकाच्या नावावर गेलेले तिकीट मात्र फक्त त्या एकाच्या आठवणीवर उभे असते, आणि तो विसरला तर ते कोणाचेच राहत नाही. घेऊन विसरलेले तिकीट न घेतलेल्या तिकिटापेक्षा जास्त नुकसान करते, ते या कारणाने.

असे तिकीट शिफ्ट संपता संपता सापडले तर काय होते, हे एका नमुन्याच्या गोष्टीतून नीट दिसते. स्थळ पुण्यातले हिंजवडी. शिफ्ट रात्री १० ते सकाळी ७, ग्राहक अमेरिकेतल्या ओहायोचा. उन्हाळ्यात ओहायोचे घड्याळ भारताच्या साडेनऊ तास मागे असते, त्यामुळे इथली मध्यरात्र म्हणजे तिथली दुपार. रात्री ११ वाजून ५० मिनिटांनी एका गोदामातून तिकीट आले : खोक्यांवर चिकटवायची लेबले छापणारा प्रिंटर छापत नाही. ११:५२ला एजंटने ते नावावर घेतले. प्रिंटर नेमका कोणता आणि त्याची जागा अलीकडे बदलली आहे का, असे विचारून ११:५८ला त्याने तिकीट 'पेंडिंग' केले, म्हणजे ग्राहकाच्या उत्तराची वाट पाहत बाजूला ठेवले. इथपर्यंत सगळे रीतीप्रमाणे झाले.

मग १२:१०ला दुसऱ्याच एका ग्राहकाचे व्हीपीएन बंद पडले. घरून काम करणाऱ्या कोणालाच लॉगिन होईना, आणि चार वाजेपर्यंत फोन थांबले नाहीत. गोदामाचे उत्तर १२:३५ला येऊन तिकिटात बसले होते. त्याची सूचना मेलबॉक्समध्येही आली, पण व्हीपीएनच्या मेलांखाली ती दबून गेली.

आठवण राहिली नाही, यात एजंटचा आळस शोधण्यात अर्थ नाही. पुढे करायचे काम लक्षात ठेवणे हा स्मरणाचा एक वेगळा प्रकार आहे. झालेली गोष्ट आठवताना समोर कोणी तरी प्रश्न विचारलेला असतो. 'उत्तर आले की बघायचे' हे मात्र ऐनवेळी कोणी न विचारता स्वतःहून सुचावे लागते, आणि तेव्हा दुसरे काम डोक्यात भरलेले असेल तर ते सुचत नाही. याचे फार दुःखद उदाहरण लॉस एंजेलिसच्या विमानतळावर १ फेब्रुवारी १९९१ रोजी घडले. नियंत्रकाने एका छोट्या विमानाला धावपट्टीवर थांबून राहायला सांगितले होते. तेवढ्यात तिचे लक्ष दुसऱ्या विमानांकडे गेले, आणि त्याच धावपट्टीवर तिने एका बोइंगला उतरायची परवानगी दिली. तीसहून अधिक माणसे मेली. थांबवून ठेवलेले विमान ती विसरली होती. प्रिंटरच्या तिकिटाने कोणाचा जीव जात नाही, पण विसरण्याची वाट तीच आहे.

संगणकाने तरी आठवण करायला नको होती का? इथे तिकिटांच्या घड्याळांची रचना समजून घ्यावी लागते. ग्राहकाशी झालेल्या करारात साधारणपणे दोन मुदती असतात. पहिली दखल घेण्याची, दुसरी काम पुरे करण्याची. एजंटने तिकीट नावावर घेऊन पहिले उत्तर पाठवले की पहिले घड्याळ थांबते. तिकीट पेंडिंग केले की दुसरेही थांबते, कारण ग्राहकाच्या उत्तराला लागलेला वेळ एजंटच्या खाती मांडणे बरोबर नाही. उत्तर आले की तिकीट आपोआप पुन्हा 'ओपन' व्हावे, अशी सोय बऱ्याच ठिकाणी केलेली असते. या गोष्टीतल्या हेल्पडेस्कवर ती नव्हती. त्यामुळे दोन्ही घड्याळे थांबलेलीच राहिली आणि तिकीट हिरवेगार दिसत राहिले. यंत्रणेच्या हिशोबी त्यावर ८ मिनिटे खर्च झाली होती. गोदामातला माणूस सहा तासांहून जास्त वेळ वाट पाहत होता.

६:४८ला, लॉगआउट करण्याआधी, एजंटने 'माझी उघडी तिकिटे' ही यादी काढली. ती रिकामी असेल अशी त्याची समजूत होती. तिच्यात एक ओळ होती, आणि त्या ओळीत शेवटची नोंद ग्राहकाची होती. विसरलेले तिकीट ओळखण्याची खूण हीच : तिकीट पेंडिंग आहे, पण शेवटचे बोलणे समोरच्याचे आहे. म्हणजे वाट आपण पाहत नसून आपलीच पाहिली जात आहे. गोदामाने लिहिले होते की प्रिंटर सकाळीच दुसऱ्या टेबलावर हलवला आहे, त्याच्या चाचणीच्या कागदावर पत्ता 10.20.4.61 असा छापला जातो आणि रात्रीचा माल १० वाजता भरायला घेतात. ओहायोत तेव्हा रात्रीचे ९:१८ झाले होते. गोदामाच्या हातात ४२ मिनिटे होती, एजंटच्या हातात १२. शिवाय ७:१०ला कॅब सुटते, आणि ती चुकली की पुढची कधी मिळेल याचा भरवसा नसतो.

या बारा मिनिटांत हात चुकीच्या तीन गोष्टींकडे जातो. एक म्हणजे 'आम्ही पाहत आहोत, कृपया पुन्हा छापून बघा' असे लिहून तिकीट परत पेंडिंग करणे. घड्याळ थांबते, पण प्रिंटर तसाच राहतो. दुसरी, काही न करता घरी जाणे आणि रात्री आल्यावर बघू म्हणणे. तसे झाले तर तिकीट आणखी पंधरा तास त्याच्याच नावावर, कोणालाही न दिसता पडून राहील. तिसरी गोष्ट चांगल्या हेतूने होते, म्हणून ती जास्त जपून टाळावी लागते. काही तरी पटकन करून टाकावे असे वाटते, आणि प्रिंटर अडला की प्रिंट सर्व्हरची सेवा बंद करून चालू करणे हा हाताशी असलेला उपाय असतो :

```
net stop spooler
net start spooler
```

स्वतःच्या संगणकावर हे निर्धास्त करावे. सर्व्हरवर मात्र या दोन ओळी त्याच्यावरचे सगळेच प्रिंटर काही क्षण थांबवतात, आणि इथे उपयोग तर मुळीच झाला नसता, कारण बिघाड पत्त्यात होता.

एजंटने आधी फक्त पाहिले, काही बदलले नाही. सर्व्हर ज्या जुन्या पत्त्यावर लेबले पाठवत होता तिथे `ping 10.20.4.37` करून उत्तर आले नाही. `ping 10.20.4.61` केल्यावर लगेच आले. म्हणजे प्रिंटर चालू होता, नेटवर्कवर होता, आणि सर्व्हर लेबले रिकाम्या पत्त्यावर धाडत होता. सर्व्हरवर प्रिंटरचा पोर्ट बदलायचा एवढेच काम उरले होते, पण तो अधिकार पहिल्या पातळीवरच्या एजंटला नसतो. या तपासाला दोन मिनिटे लागली. उरलेला वेळ त्याने हँडओव्हरला दिला, आणि त्या घडीला तेच काम सर्वांत मोलाचे होते.

हँडओव्हरची नोंद मराठीत मांडली तर साधारण अशी होते : 'गोदामाचे उत्तर १२:३५ला आले. माझ्याकडून ते पाहायचे राहिले, ६:४८ला पाहिले. प्रिंटरचा पत्ता बदलला आहे. जुना 37 बंद, नवा 61 चालू, दोन्ही तपासले. सर्व्हरवर पोर्ट बदलायचा आहे, अजून काहीही बदललेले नाही. रांगेत जुनी लेबले अडकलेली आहेत, पोर्ट बदलण्याआधी ती काढायची का हे गोदामाला विचारावे. त्यांचा माल आपल्या ७:३०ला सुरू होतो.'

या नोंदीतले एक वाक्य नवख्या माणसाच्या हातून सुटते. ते अडकलेल्या लेबलांचे. छापत नाही म्हणून लोक तीच आज्ञा पुन्हा पुन्हा देतात. पत्ता दुरुस्त होताच रांगेतले सगळे एकदम बाहेर येते, आणि एकाच खोक्याची चार चार लेबले हातात पडतात. घाईत त्यांतले एखादे दुसऱ्या खोक्यावर गेले की माल भलत्याच गावी पोचतो. 'अजून काहीही बदललेले नाही' हेही तितकेच गरजेचे. पुढचा माणूस नाही तर आधीचा काय करून गेला याच्या शोधात दहा मिनिटे घालवतो. आणि दोन्ही वेळा खऱ्या लिहिल्या नाहीत, तर सहा तास वाट पाहिलेल्या माणसाशी तो 'आत्ताच तक्रार आली' अशा थाटात बोलतो. ते ऐकून कोणाचेही डोके फिरेल.

नोंद लिहून एजंट थांबला नाही. ६:५५ला तो सकाळच्या शिफ्टच्या सहकाऱ्याच्या खुर्चीपाशी गेला, टीम लीडलाही बोलावले, दोघांना तिकीट दाखवले, आणि सहकाऱ्याने ते आपल्या नावावर घेतलेले डोळ्यांनी पाहिले. तिकीट नुसते क्यूमध्ये सोडले असते तर शिफ्ट बदलायच्या गडबडीत ते पुन्हा निसटले असते. ६:५८ला त्याने गोदामाला कळवले : उत्तर बघायला उशीर झाला याबद्दल क्षमस्व, कारण सापडले आहे, आता अमुक सहकारी हे काम पाहतील. सहकाऱ्याने सर्व्हरच्या टीमला फोन केला. गोदामाच्या सांगण्यावरून जुनी रांग रिकामी झाली, ७:०९ला पोर्ट बदलला, ७:१४ला पहिले लेबल निघाले.

नंतर टीम लीडने तीन गोष्टी बदलल्या. ग्राहकाचे उत्तर आले की तिकीट आपोआप ओपन व्हावे, अशी जोडणी करून घेतली. उघड्या तिकिटांची यादी शिफ्ट संपायच्या दहा नव्हे, पाऊण तास आधी काढायची असे ठरवले, म्हणजे जे सापडेल ते पुरे करायलाही वेळ राहतो. तिसरी म्हणजे, मोठा बिघाड सुरू झाला की त्यावर जाणाऱ्या प्रत्येकाने आधी आपली पेंडिंग तिकिटे दुसऱ्याच्या नावावर करायची. तिन्हींत याच बदलाचा उपयोग सर्वांत जास्त, कारण विसरण्याचे कारण घडते त्याच क्षणी तो लागू होतो.

संगणकांनी आपसांत कामे वाटून घेताना हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे. तिथे काम कोणाच्या कायमचे नावावर होत नाही, ठरावीक मुदतीसाठी मिळते. अॅमेझॉनच्या एसक्यूएस या रांगेत एखाद्या प्रोग्रॅमने संदेश उचलला की तो इतरांपासून लपतो, पण वेगळे काही सांगितले नसेल तर फक्त ३० सेकंद. तेवढ्यात काम झाल्याचे कळवून संदेश काढून टाकला नाही, तर तो पुन्हा सगळ्यांना दिसू लागतो. ही मुदत जास्तीत जास्त १२ तासांपर्यंत वाढवता येते. हेल्पडेस्कवरही काही ठिकाणी असा नियम लावतात : दोन तास नोंद झाली नाही तर तिकीट आपोआप क्यूमध्ये परत. पण माणसांच्या कामात तो जपून लावावा लागतो. एजंट दोन तास फोनवर खरोखर तेच काम करत असेल आणि नोंद करायची राहिली असेल, तर दुसरा माणूस तेच तिकीट उचलतो, आणि एकाच सर्व्हरवर दोघे एकाच वेळी दुरुस्ती करू लागतात. म्हणून बहुतेक टीम लीड तिकीट काढून घेण्याऐवजी आधी ते स्वतःच्या पडद्यावर लाल करून घेतात, आणि उठून त्या एजंटला विचारायला जातात.