कार्यालयीन पत्रातील ‘महोदय’ आणि आपला ‘जय जिनेंद्र’

कोणाला कोणत्या शब्दाने अभिवादन करावे, हे आपल्या समाजाला नव्याने शिकवावे लागत नाही. दिगंबर परंपरेत मुनिराजांना ‘नमोस्तु’, आर्यिका माताजींना ‘वंदामि’, ऐलक-क्षुल्लकांना ‘इच्छामि’ आणि साधर्मी श्रावकाला ‘जय जिनेंद्र’ म्हटले जाते. श्वेतांबर घरांत साधु-साध्वींपुढे ‘मत्थएण वंदामि’ म्हणत मस्तक लवते. समोरच्या व्यक्तीशी आपली ओळख किती, यावर हे शब्द ठरत नाहीत. ते पदावर ठरतात. हाच विवेक शासकीय कार्यालयाला पत्र लिहिताना मात्र हातून सुटतो. मोबाइलवरील संदेशाची सवय कागदावर उतरते आणि अर्जाची सुरुवात गप्पांसारखी होते.

एक उदाहरण घेऊ. कापड बाजाराच्या गल्लीतील गटार गाळाने भरले आहे. मागील पावसाळ्यात सात दुकानांच्या गोदामांत पाणी शिरून माल भिजला. नगरपरिषदेच्या मुख्याधिकारी एक महिला आहेत. व्यापाऱ्यांपैकी एका तरुणाने मसुदा केला तो असा :

“जय जिनेंद्र मॅडमसाहेब, कशा आहात? आम्ही सर्व मजेत. आमच्या गल्लीचे गटार तुंबले आहे, जरा लक्ष द्या ना. तुमचा सदैव आज्ञाधारक.”

भावनेत खोट नाही. पण या चार ओळींत चार ठिकाणी दुरुस्ती हवी. ती क्रमाने पाहू.

पहिली दुरुस्ती पत्त्याची. मसुद्यात पत्र कोणाला आहे, हेच लिहिलेले नाही. पत्राच्या माथ्यावर ‘प्रति’ लिहून खाली पद लिहावे : ‘मा. मुख्याधिकारी’, ‘मा. जिल्हाधिकारी’, ‘मा. पोलीस अधीक्षक’. ‘मा.’ म्हणजे माननीय. तो मान पदाला आहे. ‘श्री.’ आणि ‘श्रीमती’ हे शब्द नावाला जोडायचे असतात. काम पदाकडे असेल, तर अधिकाऱ्याचे नाव लिहिण्याचे कारण नाही. उद्या त्यांची बदली झाली, तर नावाने लिहिलेले पत्र खाजगी समजून तसेच पडून राहू शकते. पदाला लिहिलेले पत्र मात्र त्या खुर्चीवर येणाऱ्या प्रत्येकाला लागू राहते. नाव लिहावेच लागले, तर ‘मा. श्री. अमुक’ एवढे पुरे. त्यापुढे ‘साहेब’, ‘जी’ आणि शेवटी ‘यांना’ जोडले, की मान वाढत नाही, केवळ ओळ लांबते. ‘प्रति’ लिहिल्यावर ‘यांना’ची गरजही उरत नाही.

येथे व्यापारी घरांत होणारी एक जुनी गफलत सांगायला हवी. वाडवडिलांच्या अर्जांत ‘मे. मामलेदार साहेब’ असे आढळते. तेथे ‘मे.’ म्हणजे ‘मेहेरबान’. आज आपल्या बिलांवर आणि पाकिटांवर ‘मे.’ येते, ते ‘मेसर्स’ या अर्थाने, पेढीच्या नावाआधी. म्हणून आज ‘मे. जिल्हाधिकारी’ लिहिले, तर जिल्हाधिकाऱ्यांची पेढी केल्यासारखे वाचले जाईल. पदाआधी ‘मा.’ आणि पेढीआधी ‘मे.’, एवढे लक्षात ठेवावे.

दुसरी दुरुस्ती संबोधनाची. ‘मॅडमसाहेब’ हा बोलीतील आदर आहे. समोर बसून बोलताना तो खपतो. पत्रात पुरुष अधिकाऱ्याला ‘महोदय’ आणि महिला अधिकाऱ्याला ‘महोदया’ लिहावे. पदावर कोण आहे, हे ठाऊक नसेल, तर ‘महोदय/महोदया’ असे दोन्ही लिहिणे योग्य. महिला अधिकाऱ्याच्या नावाआधी ‘सौ.’ लिहू नये. तो शब्द त्यांच्या वैवाहिक स्थितीविषयी बोलतो आणि तिचा आपल्या अर्जाशी संबंध नाही. जुन्या पिढीला ‘श्रीमती’ लिहिताना संकोच वाटतो, कारण पूर्वी तो शब्द बहुधा विधवा स्त्रीच्या नावाआधी येई. आज कार्यालयीन पत्रव्यवहारात तो सर्व स्त्रियांसाठी सारखाच वापरतात. त्यात कोणताही कमीपणा नाही.

अतिमोठी विशेषणेही टाळावीत. ‘पूज्य’ हे साधुसंतांना आणि माता-पित्यांना शोभते. ‘महामहिम’ हा शब्द तर राष्ट्रपती आणि राज्यपाल यांच्यासाठीही देशांतर्गत औपचारिक वापरातून 2012 साली मागे पडला. मग तो तालुक्याच्या अर्जात कशाला?

तिसरी दुरुस्ती अभिवादनाची. ‘महोदया’ नंतर क्षेमकुशल न विचारता विषयावर यावे. ‘स. न. वि. वि.’, म्हणजे ‘सप्रेम नमस्कार, विनंती विशेष’, हे परिचितांमधील पत्राचे रूप आहे. दुसऱ्या गावच्या व्यापाऱ्याला ते अवश्य लिहावे. ‘जय जिनेंद्र’चा प्रश्न अधिक नाजूक आहे. अधिकारी आपल्याच समाजाचे असले, की हात आपोआप तो शब्द लिहू पाहतो. परंतु अर्ज नस्तीत लागतो आणि अनेक टेबलांवरून फिरतो. पुढे त्या अधिकाऱ्यांनी आपल्या बाजूने रास्त निर्णय दिला, तरी आरंभीच्या त्या दोन शब्दांवर बोट ठेवून कोणी पक्षपाताची शंका घेऊ शकतो. आपल्या आपुलकीने त्यांची अडचण होऊ नये. प्रत्यक्ष भेटीत ‘जय जिनेंद्र’ जरूर म्हणावे. कागदावर ‘महोदय’ असावे.

चौथी दुरुस्ती क्रियापदाची आणि समारोपाची. वर ‘महोदया’ आणि खाली ‘लक्ष द्या ना’ असे लिहिले, तर वरचा आदर खाली टिकत नाही. ‘तुम्ही’ ऐवजी ‘आपण’ आणि ‘द्या’ ऐवजी ‘द्यावे’ असे रूप शेवटपर्यंत राखावे. समारोपात नागरिकाने ‘आज्ञाधारक’ लिहू नये. तो शब्द विद्यार्थी मुख्याध्यापकांना लिहितो. नागरिक कोणाच्या आज्ञेत नसतो. ‘आपला विश्वासू’ लिहावे. लिहिणारी स्त्री असेल, तर ‘आपली विश्वासू’; अनेकांच्या सह्या असतील, तर ‘आपले विश्वासू’. ‘लोभ असावा’ हे घरगुती पत्रासाठी राखून ठेवावे.

आता तेच पत्र असे होईल :

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगरपरिषद, (गावाचे नाव)

विषय : कापड बाजार गल्लीतील गटार पावसाळ्यापूर्वी साफ करण्याबाबत.

महोदया,
कापड बाजार गल्लीतील मुख्य गटार गाळाने भरले आहे. मागील पावसाळ्यात येथील सात दुकानांच्या गोदामांत पाणी शिरून मालाचे नुकसान झाले. पावसाळा सुरू होण्यापूर्वी या गटाराची सफाई करण्याबाबत आपण संबंधितांना आदेश द्यावेत, ही विनंती.

आपले विश्वासू,
(व्यापाऱ्यांची नावे व सह्या)

या पत्रात आदराचे शब्द मोजून तीन आहेत : ‘मा.’, ‘महोदया’ आणि ‘आपण’. मसुद्यातील लाघव गेले, परंतु मसुद्यात नसलेली एक गोष्ट आली. सात गोदामांत पाणी शिरले, हे आता वाचणाऱ्याला पहिल्याच वाक्यांत दिसते. मसुद्यात क्षेमकुशलाने जागा अडवली होती, म्हणून ते सांगायचेच राहून गेले होते. पत्र पाठवण्यापूर्वी घरातील दुसऱ्या कोणाला ते मोठ्याने वाचायला सांगावे. वाचणाऱ्याला पद, विषय आणि मागणी न अडखळता सांगता आली, तर सही करावी.