थेट व्यवहार आणि दलालीची मागणी

घराचा सौदा खरेदीदाराशी थेट ठरल्यावर दलालाने दलाली मागितली, तर मालकाच्या उत्तराचा कणा एकच असतो: हा खरेदीदार कोणामुळे आला? भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 219 नुसार वेगळा करार नसेल, तर सोपवलेले काम पूर्ण झाल्याशिवाय मध्यस्थाचा मोबदला देय होत नाही. त्यामुळे केवळ जाहिरात टाकली किंवा इतर गिऱ्हाइकांना घर दाखवले, एवढ्यावर सहसा दलाली मिळत नाही.

समजा, 80 लाखांच्या फ्लॅटवर दलाल दोन टक्के, म्हणजे 1,60,000 रुपये मागतो. खरेदीदार मात्र सोसायटीच्या सूचनाफलकावरची चिठ्ठी वाचून आला होता. अशा वेळी लेखी उत्तरात संपर्क कसा आणि केव्हा झाला ते तारखेसह लिहावे. त्या खरेदीदाराला घर दाखवल्याचा पुरावा, संदेश किंवा करारपत्र असल्यास दलालाकडून मागावे आणि मागणी अमान्य असल्याचे स्पष्ट नोंदवावे. ‘थोडेफार देऊ’ असे मोघम लिहू नये. ते देणे कबूल केल्यासारखे वाचले जाऊ शकते.

उत्तर पाठवण्यापूर्वी दलालाशी झालेले जुने संदेश तपासावेत. त्याच खरेदीदाराला दलालाने आणले असेल आणि दलाली वाचवण्यासाठी नंतर त्याला वगळले असेल, तर हा बचाव टिकणे कठीण. कोणीही विकले तरी दलाली द्यायची, असा करार असेल तर त्यातल्या अटी व मुदत निर्णायक ठरतात.