ओला चमचा, कोरडा डबा

नागपूर-हैदराबाद महामार्गावरच्या, हिंगणघाट तालुक्यातल्या वडनेरला वर्षात दोन वेगळी स्वयंपाकघरं असतात. नवतप्यात वर्धा जिल्ह्याचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारी ओट्यापाशी हवा चाळिशीच्या घरात असते आणि धुतलेलं भांडं पुसायची गरजच पडत नाही. जुलैत त्याच ओट्यावर मिठाच्या बरणीत खडे होतात आणि सकाळी धुतलेलं फडकं संध्याकाळपर्यंत दमट राहतं. डॉक्टरांच्या सल्ल्याने बाळाला पावडरचं दूध द्यावं लागतं त्या घरात या दोन ऋतूंचा फरक आईच्या शिस्तीपेक्षा कमी महत्त्वाचा नसतो. घरातली सगळी सावधगिरी बहुधा बाटलीवर खर्च होते. ती तासभर उकळली जाते, आणि त्याच वेळी पावडरचा डबा झाकण अर्धवट लावून गॅसशेजारी उभा असतो. माझं म्हणणं असं, की या कामात एकच गोष्ट सांभाळायची आहे, ती म्हणजे पाणी. बाटली सुरक्षित होते ती उकळत्या पाण्याने आणि डबा सुरक्षित राहतो तो पाण्यापासून दूर ठेवल्याने. मापाचा चमचा या दोन्हींच्या मधे ये-जा करतो, म्हणून चूकही बहुतेक वेळा तिथेच होते.

हे पटायला आधी एक गैरसमज दूर करावा लागतो. सीलबंद डबा म्हणजे निर्जंतुक डबा नव्हे. पावडर करताना आधी दूध तापवलं जातं, पण त्यानंतरच्या वाळवण्यात, मिसळण्यात आणि भरण्यात जंतू शिरू शकतात, आणि तयार पावडर पूर्ण निर्जंतुक करण्याची सोय कारखान्यात नसते. यातला सर्वांत धास्तीचा जंतू क्रोनोबॅक्टर. तो कोरड्या पावडरीत वाढत नाही, पण मरतही नाही. महिनोन्‌महिने निपचित पडून राहतो आणि पाणी व ऊब मिळाली की जागा होतो. त्याचा आजार विरळा आहे, पण दोन महिन्यांच्या आतल्या, विशेषतः वेळेआधी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाला तो झाला तर रक्तात आणि मेंदूच्या आवरणापर्यंत जातो, आणि वाचलेल्या बाळाच्या मेंदूवर कायमचा परिणाम राहू शकतो. घराचा यात काय संबंध, असं वाटत असेल तर अमेरिकेतल्या २०२१-२२ मधल्या दोन बाळांचं उदाहरण पाहावं. तिथल्या तपासात एका बाळाच्या जंतूशी जुळणारा जंतू घरातल्या उघडलेल्या डब्यात सापडला, आणि दुसऱ्याच्या जंतूशी जुळणारा घरातल्या दूध काढायच्या पंपात, म्हणजे पावडरशी संबंध नसलेल्या वस्तूत. कारखाना आणि स्वयंपाकघर, दोन्हीकडे दार उघडं असतं.

आता बाटली. उकळणं हे दुसरं पाऊल आहे, पहिलं घासणं. दूध संपल्याबरोबर बाटली, निपल, कडं आणि झाकण वेगळं करून साबणाच्या पाण्याने, फक्त बाटलीसाठी ठेवलेल्या ब्रशने घासायचं, आटे आणि निपलचं भोक विशेष करून, आणि मग वाहत्या पाण्याने खळबळून घ्यायचं. दुधाचा साय-चिकटा राहिला आणि त्यावर उकळी आली तर तो तिथेच शिजून पक्का बसतो आणि त्याखाली जंतूंना आडोसा मिळतो. बोट फिरवल्यावर निपल बुळबुळीत लागलं किंवा आट्यात पिवळसर रेघ दिसली, तर ती बाटली उकळण्याच्या लायकीची नाही, पुन्हा घासायची. बोअरच्या जड पाण्याने बसणारा पांढरा थर वेगळा. तो खरखरीत असतो आणि लिंबाने निघतो. मग झाकणाच्या खोल गंजात सगळे भाग पूर्ण बुडतील इतकं पाणी घ्यायचं. बाटली आडवी करून आतली हवा काढायची, कारण बुडबुडा अडकला तर त्या जागेला पाणी लागतच नाही. खळखळून उकळी आल्यापासून १० मिनिटं धरली की पुरे. तास लावून प्लास्टिक आणि निपलच लवकर खराब होतात. नंतर पाणी ओतून झाकण तसंच ठेवायचं आणि वापरायच्या वेळी धुतलेल्या हाताने किंवा उकळलेल्या सांडशीने काढायचं. उकळलेली बाटली फडक्याने पुसणं म्हणजे दहा मिनिटांचं काम दहा सेकंदांत पुसून टाकणं.

इथपर्यंत बहुतेक घरांत ठीक चालतं. घोटाळा पुढे होतो: त्याच गंजात मापाचा चमचाही टाकला जातो, आणि उकळून निघालेला, थेंब निथळत असलेला चमचा थेट डब्यात जातो. हेतू स्वच्छतेचा, पण परिणाम उलटा. ओल्या चमच्याभोवती पावडर चिकटते, तिचा खडा डब्यात पडतो आणि कोरड्या डब्यात पहिल्यांदा जंतूला प्यायला पाणी मिळतं. शिवाय चमच्याला चिकटलेल्या थराने मापही चुकतं. म्हणून चमच्याचा नियम बाटलीहून वेगळा हवा. त्याचं तोंड दुधाला किंवा ओठांना लागत नाही, तेव्हा प्रत्येक वेळी तो उकळायची गरज नाही. हाताला, ओट्याला किंवा पाण्याला लागला तरच धुवून उकळावा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय डब्यात घालू नये. मे महिन्यात हे अर्ध्या तासात होतं, पावसाळ्यात रात्र लागते. तोवर काम अडू नये म्हणून त्याच कंपनीच्या, त्याच मापाच्या रिकाम्या डब्यातला चमचा जपून ठेवावा. दुसऱ्या कंपनीचा चालत नाही, कारण मापं वेगळी असतात. चमचा ठेवायचा कुठे, तर डब्यात वरच्या बाजूला खाच असेल तर खाचेत, नसेल तर झाकणाच्या छोट्या कोरड्या डबीत. पावडरीत पुरला की काढताना बोटं पावडरीत जातात, आणि आपल्या घरात ती बोटं नुकतीच कणिक मळून आलेली असू शकतात.

डब्याचं आयुष्य किती, हे घराच्या हिशेबावर ठरतं, आणि हा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. बऱ्याच डब्यांवर ३० मिलिलिटर पाण्याला एक सपाट चमचा असं माप असतं आणि चमच्यात साधारण साडेचार ग्रॅम पावडर बसते. पूर्ण पावडरवरच असलेलं बाळ दिवसाला ६०० मिलिलिटर पीत असेल तर २० चमचे, म्हणजे ९० ग्रॅम लागतात, आणि ४०० ग्रॅमचा डबा साडेचार दिवसांत संपतो. त्याला शिळं होण्याची संधीच नाही. पण आईचं दूध अपुरं म्हणून दिवसाला फक्त ६० मिलिलिटरची एकच बाटली वर दिली जात असेल तर दोनच चमचे, ९ ग्रॅम; तोच डबा ४४ दिवस पुरेल. उघडल्यावर तीन-चार आठवड्यांत संपवा, असं बहुतेक डब्यांवर लिहिलेलं असतं. म्हणजे सर्वांत जास्त काळ उघडा राहतो तो सर्वांत कमी वापराचा डबा. अशा घराने मोठं पाकीट स्वस्त पडतं म्हणून आणू नये. उरलेली पावडर शेवटी फेकायचीच असेल, तर स्वस्त काय पडलं? झाकणावर उघडल्याची तारीख लिहावी, आणि रिफिलची पावडर जुन्या पावडरीवर कधीही ओतू नये. पाकीट तसंच घडी घालून, चिमटा लावून कोरड्या घट्ट डब्यात ठेवावं, म्हणजे तारीख आणि लॉट नंबरही हाताशी राहतो.

उन्हाळ्यात अनेकांना डबा फ्रिजमध्ये ठेवावासा वाटतो. हेतू समजतो, पण थंड डबा उघडताच गरम, दमट हवा आत शिरते आणि जसा थंड पेल्याच्या बाहेरून घाम फुटतो तसा पावडरीवर फुटतो. कूलरचाही असाच फसवा दिलासा. कूलरची हवा गार असते, पण ती ओल्या जाळीतून आलेली असते. झाकणबंद डबा त्या खोलीत चालेल, झोताखाली उघडून माप घेणं चालणार नाही. गॅसवरची फळी, फ्रिजचा माथा, पश्चिमेची खिडकी आणि माठाची बाजू या चारही जागा वर्ज्य. आतल्या खोलीतल्या कपाटाचा खालचा कप्पा सर्वांत बरा. तरीही मे महिन्यात डब्यावर सांगितलेली ‘थंड, कोरडी जागा’ वडनेरला पूर्ण मिळत नाही हे मान्य करावं आणि छोटा डबा आणून मुदत आधीच कमी धरावी. चिमटीत न फुटणारे खडे, तपकिरी छटा किंवा खवट वास आला तर डबा टाकून द्यावा. मात्र उलटं धरू नये: वास चांगला आहे म्हणून जंतू नाहीत, असं नसतं.

जंतू डब्यात असेल असं गृहीत धरूनच दूध बनवावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितलेली रीत याच गृहीतावर उभी आहे: पाणी उकळून झाकून ठेवायचं, अर्ध्या तासाच्या आत, ७० अंशांच्या खाली जाण्यापूर्वी बाटलीत घ्यायचं, मग पावडर टाकायची. त्या उष्णतेत क्रोनोबॅक्टर मरतो. पाणी मोठ्या गंजात लिटरभर असावं. वाटीभर पाणी फार लवकर निवतं. नंतर बाटली थंड पाण्याच्या वाडग्यात, पाणी तोंडाला लागणार नाही अशी धरून निववायची आणि मनगटावर थेंब टाकून पाहायचं. माठातलं पाणी मिसळून कोमट करणं म्हणजे सगळं केलेलं वाया घालवणं. अनेक डब्यांवर कोमट पाणी वापरा असं लिहिलेलं असतं, आणि गरम पाण्याने जीवनसत्त्वं जातात हा आक्षेप त्यावरूनच येतो. काही प्रमाणात ती जातात हे खरं. पण मोठ्या, धडधाकट बाळाबाबत डॉक्टरांशी बोलून डब्यावरचं ऐकता येईल, कोवळ्या किंवा अशक्त बाळाबाबत हा सौदा परवडत नाही.

उरलेल्या दुधाचं काय, याचं उत्तर आकड्यातून मिळतं. २३ अंशांच्या खोलीत हा जंतू जागा झाल्यावर साधारण ४० मिनिटांत दुप्पट होतो, तर ३७ अंशांच्या आसपास सुमारे २० मिनिटांत. एकच जंतू धरला, तर चार तासांत थंड खोलीत ६४ होतात आणि वडनेरच्या दुपारी चार हजारांवर. तयार दूध बाहेर ठेवण्याची दोन तासांची प्रचलित मर्यादा इथे उन्हाळ्यात एका तासावर आणावी, आणि बाळाच्या तोंडाला लागलेलं उरलेलं दूध कितीही असो, ओतून द्यावं.

‘आमच्या वेळी नुसती विसळून बाटली द्यायचे, पोरं जगलीच ना,’ असं घरातल्या मोठ्या म्हणतात. जगलेलीच सांगायला उरतात, हे कोरडं उत्तर झालं. खरं उत्तर त्यांच्याच आठवणीत आहे: त्यांच्या आधीच्या बायका बाटली वापरतच नव्हत्या, वाटी-चमचा किंवा बोंडलं वापरत. बोंडल्याची चोच घासायला अवघड, पण रुंद स्टीलच्या वाटीला ना आटे, ना भोक, ना आडोसा. ती दोन मिनिटांत घासून होते आणि गंजात उभी-आडवी कशीही बुडते. आजही आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ बाटलीपेक्षा वाटी-चमचाच सुचवतात, आणि १९९२च्या कायद्याने पावडरच्या दुधाबरोबर बाटलीच्याही जाहिरातीला बंदी घातली आहे ती उगाच नाही. ज्या घराला गॅस, वेळ आणि जागा तिन्ही कमी आहेत त्याने बाटलीच कमी करावी. पण वाटी घेतली तरी मापाचा चमचा आणि डबा तेच राहतात, आणि वाटी उकळून झाली की हात कोरडा करूनच झाकण उघडायचं असतं.