बिलातले बारा मीटर आणि चार रुपये

बिल चुकलं की पहिला फोन पुरवठादाराला लावण्याची घाई नको. आधी तीन कागद शेजारी मांडावेत: आपण दिलेली ऑर्डर, माल उतरवताना केलेली आवक नोंद आणि आलेलं बिल. दर ऑर्डरशी ताडायचा आणि नग, वजन किंवा माप आवक नोंदीशी. बिल ऑर्डरशी तंतोतंत जुळलं, तरी तेवढा माल आलाच असेल असं नाही.

एक उदाहरण घेऊ. सोलापुरात गणवेश शिवणाऱ्या कारखान्याने इचलकरंजीच्या कापड उत्पादकाला ६०० मीटर शर्टिंगची ऑर्डर दिली. दर मीटरला १४२ रुपये, गाडीभाडं त्यातच, जीएसटी वेगळा. सहा थान आले, प्रत्येकावर १०० मीटरची चिठ्ठी. मोजल्यावर तिसरं आणि पाचवं थान ९४ मीटरचंच भरलं. म्हणजे हातात ५८८ मीटर. बिल मात्र ६०० मीटरचं, आणि दर १४६.

गाडीवाला दारात उभा असताना सहा थान उलगडून मोजता येत नाहीत. म्हणून चलनावर सही करताना ‘माप तपासणे बाकी’ एवढं लिहावं आणि एक-दोन दिवसांत मोजून घ्यावं. कोऱ्या सहीनंतर मागितलेले बारा मीटर विक्रेत्याला पटवणं फार जड जातं. दराबाबतही आधी आपलं घर तपासावं. मधल्या काळात दरवाढीचं पत्र आलं होतं का? आपल्याच खरेदी विभागातल्या कुणी फोनवर होकार दिला होता का? चार रुपये गाडीभाड्याचे म्हणून तर लावले नाहीत ना? ही उत्तरं हाती असतील तरच पत्र ठामपणे लिहिता येतं.

आता हिशेब. इथे हुशार माणसंही चुकतात. बारा मीटर कमी आले, त्याचे १४६ प्रमाणे १,७५२ रुपये. दरातला फरक चार रुपये, ६०० मीटरवर २,४००. बेरीज ४,१५२. हा आकडा चुकीचा आहे, कारण न आलेल्या बारा मीटरवरचे चार रुपये त्यात दोनदा धरले गेले. दरातला फरक आलेल्या ५८८ मीटरवरच काढायचा: २,३५२ रुपये. एकूण ४,१०४. त्यावर ५ टक्के जीएसटी २०५ रुपये २० पैसे. मागणी झाली ४,३०९ रुपये २० पैशांची. ताळा सोपा आहे: बिल ९१,९८० रुपयांचं, ५८८ मीटरचे १४२ ने करासह ८७,६७० रुपये ८० पैसे. वजाबाकी तेवढीच येते. अठ्ठेचाळीस रुपये जास्त मागितले, तर समोरचा हिशेबनीस तेच धरून बसेल आणि खरे चार हजार रखडतील.

पत्र छोटं असावं:

‘सप्रेम नमस्कार. आपल्या बिलात ६०० मीटर, दर १४६ रुपये असं आहे. आमच्या ऑर्डरप्रमाणे दर १४२ रुपये असून थान क्र. ३ व ५ प्रत्येकी ६ मीटर कमी भरले. ऑर्डर, पॅकिंग लिस्ट व मापाची नोंद सोबत जोडली आहे. कृपया करासह ४,३०९.२० रुपयांची क्रेडिट नोट द्यावी. उरलेली रक्कम ठरलेल्या मुदतीत देत आहोत.’

बिल, ऑर्डर आणि चलन यांचे क्रमांक व तारखा वर विषयात घालाव्यात. फोन जरूर करावा, शेठजींशी जुने संबंध असतील तर आधीच करावा. पण पत्र किंवा ईमेल हवाच. विक्रेता नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर माल मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत केलेल्या लेखी हरकतीला कायद्यात अर्थ आहे. पैसे देण्याची मुदत मग ती हरकत दूर झाल्यापासून मोजली जाते.

बिलावर पेनाने खाडाखोड करून घेऊ नये. विक्रेत्याने ते जीएसटीच्या विवरणात दाखवलं, की त्याच्याकडे मूळ आकडाच राहतो. ई-इन्व्हॉइस असेल तर ते पोर्टलवर २४ तासांतच रद्द करता येतं. नंतरचा सरळ मार्ग क्रेडिट नोटचा: मूळ बिल तसंच राहतं आणि जास्त लावलेली किंमत व कर या नोटेने कमी होतात. गुपचूप कमी पैसे पाठवणं मात्र टाळावं. त्यांच्या वहीत आपल्या नावावर बाकी दिसत राहते, आणि आपण जास्तीच्या २०५ रुपये २० पैशांचं क्रेडिट घेऊन बसलो, तर ते पुढे उलटवावं लागतं.

विक्रेत्याला आपला कर कमी करून घ्यायचा असेल, तर ज्या आर्थिक वर्षात माल दिला ते संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्याआधी वार्षिक विवरण भरलं तर तोपर्यंतच, ही नोट विवरणात दाखवावी लागते. म्हणून मार्चच्या बिलाची तक्रार दिवाळीपर्यंत ठेवू नका. थान मोजले त्याच आठवड्यात पत्र पाठवा.