डिशवॉशरच्या दाराखालचं पाणी

पुण्यात कोथरूडमधल्या एका घरात मार्च महिन्यात एका सकाळी आजी स्वयंपाकघरात चहा टाकायला गेल्या आणि ओट्यासमोर त्यांचा पाय सटकला. हात ओट्याच्या कडेला टेकला म्हणून निभावलं. फरशीवर वाटीभर पाणी होतं आणि ते डिशवॉशरच्या दाराखालून, डाव्या कोपऱ्यातून येत होतं. सून धावत आली. तिने आधी भिंतीवरचं बटण बंद केलं आणि मग फडका घेतला. हा क्रम अगदी बरोबर होता, कारण अनेक घरांत या यंत्राचा प्लग ओट्याखालीच असतो आणि ओल्या फरशीवर उभं राहून त्याला हात लावणं पाय घसरण्याइतकंच घातक ठरू शकतं.

दुरुस्तीला आलेल्या माणसाने दाराचं रबर दाबून पाहिलं. “पाच वर्षं झाली ना, सील गेलंय,” असं सांगून त्याने नवं रबर बसवलं. दोन दिवस फरशी कोरडी राहिली. तिसऱ्या दिवशी त्याच कोपऱ्यातून पुन्हा पाणी आलं. २०२० च्या टाळेबंदीत कामाच्या बाई येऊ शकत नव्हत्या, तेव्हा अनेक मराठी घरांनी हे यंत्र पहिल्यांदाच घेतलं. ती यंत्रं आता जुनी होऊ लागली आहेत, त्यामुळे दाराखाली पाणी दिसलं की पहिला संशय रबरावर जाणं साहजिक आहे. पण बऱ्याचदा दोष रबराचा नसतो.

हे समजण्यासाठी दार बंद झाल्यावर आत काय होतं ते पाहावं लागेल. धुलाईच्या प्रत्येक फेरीत यंत्र साधारण तीन-चार लिटरच पाणी घेतं. हे पाणी तळाच्या खोलगट भागात साठतं आणि त्याची पातळी दाराच्या खालच्या कडेपेक्षा कमी असते. पंप तेच पाणी पुन्हा पुन्हा उचलून फिरत्या फवारा-पात्यांमधून भांड्यांवर मारतो. म्हणजे दाराला पाण्याचा साठा अडवून धरायचा नसतो, फक्त उडणारे शिंतोडे परतवायचे असतात. म्हणूनच बहुतेक यंत्रांत मुख्य रबर दोन्ही बाजूंना आणि वर, उलट्या ‘यू’सारखं असतं. खालच्या कडेला वेगळी, पातळ पट्टी असते. ही पट्टी आणि उभं रबर जिथे भेटतात ते दोन कोपरे सगळ्यात नाजूक असतात. गळती बहुधा तिथूनच सुरू होते, मग कारण काहीही असो.

ही रचना फवाऱ्याला पुरते, फेसाला मात्र पुरत नाही. फेस झाला की तो पाण्यासारखा तळाशी बसत नाही. तो फुगत वर येतो, दाराच्या खालच्या कडेवर चढतो आणि पट्टीच्या फटीतून हळूहळू बाहेर सरकतो. बाहेर आल्यावर बुडबुडे फुटतात आणि फरशीवर उरतं ते साधं पाणी. त्यामुळे बघणाऱ्याला फेसाची शंकाही येत नाही. यंत्राच्या आवाजातून मात्र ती कळते. पंपात पाण्याबरोबर हवा शिरते, फवाऱ्याचा जोर उतरतो आणि नेहमीच्या सळसळीऐवजी मंद, घुसमटलेला गुरगुराट ऐकू येतो. त्या दिवशी भांडीही नीट निघत नाहीत.

यंत्रासाठी मिळणारी पावडर किंवा टॅब्लेट मुद्दामच कमी फेसाची बनवलेली असते. तिचं काम मुख्यतः सोड्यासारखे क्षार, डाग विरंजक आणि डाळ-भाताचे चिकट कण फोडणारी एन्झाइम करतात. हाताने भांडी घासायचा बार किंवा लिक्विड याच्या नेमकं उलट असतं. त्यातले घटक हवा आणि पाणी यांच्या सीमेवर जाऊन बसतात आणि बुडबुडा फुटू देत नाहीत. सिंकमध्ये हाताने घासताना तो फेस आपल्याला हवाहवासा वाटतो. बंद पेटीत पंपाच्या जोरावर घुसळला गेल्यावर चमचाभर लिक्विडही दाराबाहेर येण्याइतका फेस करू शकतं.

यात आणखी एक गोम आहे. जड पाण्यात साबणाला फेस कमी येतो, हे बोअरवेल किंवा टँकरचं पाणी वापरणाऱ्या घरांना ठाऊक असतं. पण यंत्राच्या तळाशी मीठ भरायचा जो कप्पा असतो, तो पाणी मऊ करण्यासाठीच असतो. मीठ वेळेवर भरलं असेल, तर नळाचं पाणी जड असलं तरी आतलं पाणी बरंच मऊ होतं. त्यामुळे जो साबण सिंकमध्ये जेमतेम फेसाळतो, तो आत गेल्यावर भरपूर फेसाळतो.

कोथरूडच्या घरात लिक्विड कुणीच ओतलं नव्हतं. मग फेस आला कुठून? इथे सुनेने एक साधी गोष्ट केली. पाणी नेमकं कधी दिसतं, ते तिने घड्याळ लावून पाहिलं. यंत्र सुरू झाल्यावर आठ-दहा मिनिटांतच कोपरा ओला होत होता. तिच्या नेहमीच्या कढई-पातेल्यांच्या प्रोग्रॅममध्ये सुरुवातीला नुसत्या पाण्याची फेरी असते आणि पावडरीचा कप्पा त्यानंतर उघडतो. म्हणजे पावडर पाण्यात पडण्याआधीच गळती होत होती. तिने यंत्र थांबवलं, मिनिटभर वाट पाहिली आणि दार हळूच उघडलं. खालच्या जाळीपर्यंत पांढरा फेस आला होता. पावडरीचा कप्पा अजून बंदच होता.

“आई, तुम्ही भांडी आधी साबणाने घासता का?”

“अगं, खरकटं तसंच कसं घालायचं आत? जरा हात फिरवते बारचा.”

हात फिरवलेली भांडी वरवर विसळून जाळीत जात होती. कढईच्या कानांत, कुकरच्या झाकणाच्या रिंगेखाली, चाळणीच्या छिद्रांत साबण राहत होता. आजी घरात नसतील किंवा भांडी सुनेने लावली असतील, त्या दिवशी फरशी कोरडी असे. नवं रबर बसवल्यानंतरचे दोन कोरडे दिवस नेमके असेच होते. आजी तेव्हा लेकीकडे गेल्या होत्या.

फेस कधी येतो, यावरून तो कुठून आला याचा बराचसा अंदाज बांधता येतो. सुरुवातीलाच आला तर साबण भांड्यांवरून आलेला असतो. मुख्य धुलाईत आला तर पावडर चुकीची आहे का, ते पाहावं. भांडी चमकवण्यासाठी जे रिन्स एड घालतात ते भरताना सांडलं असेल किंवा त्याच्या कप्प्याचं झाकण सैल असेल, तर कुठल्याही टप्प्यावर फेस होऊ शकतो, म्हणून सांडलेलं लगेच पुसून घ्यावं. क्वचित अन्नही फेस करतं. अंडं, दूध आणि डाळ यांतली प्रथिनं घुसळली की फेसाळतात, आणि पावडर कमी पडली तर हा फेस मोडत नाही.

फेस झालाच तर गरम पाणी घालून यंत्र पुन्हा चालवू नये, त्याने तो वाढतो. दार उघडं ठेवून फेस बसू द्यावा, वाटीने निघेल तेवढा काढावा, अर्धा लिटर गार पाण्यात चमचाभर साधं मीठ विरघळवून तळाशी ओतावं आणि पाणी उपसून टाकणारा प्रोग्रॅम लावावा. हे मीठ तळातल्या मिठाच्या कप्प्यात घालायचं नसतं. मग यंत्र रिकामं, पावडर न घालता एकदा चालवावं. पुन्हा फेस दिसला तर हेच सगळं परत करावं लागतं, कारण पंपात आणि नळ्यांत उरलेला साबण एका फेरीत जात नाही.

ही रिकामी फेरी रबराची परीक्षाही घेते. आत भांडी नाहीत, पावडर नाही, फेस नाही, तरीही पाणी आलं तर संशय रबरावर किंवा यंत्राच्या पातळीवर येतो. यंत्र पुढे झुकलेलं असेल तर पाणी दाराकडे धावतं. ते पातळी मापून आणि पाय फिरवून नीट करता येतं. फरशी कोरडी राहिली तर रबर बहुधा शाबूत आहे. त्यानंतर नेहमीसारखी भांडी भरून, योग्य पावडर घालून चालवावं. आता गळलं आणि फेस नसेल, तर दोष भांडी भरण्यात आहे.

कोथरूडला या शेवटच्या फेरीतही दोन-चार थेंब आलेच. मोठी कढई दाराजवळ, खोलगट बाजू पुढे करून ठेवलेली होती. खालच्या पात्याचा फवारा तिच्यात शिरून सरळ दाराच्या खालच्या कडेवर आपटत होता. भांडी खच्चून भरली की असं होतंच. शिवाय एखाद्या उलथन्याचा दांडा जाळीतून खाली लोंबला तर पातं अडतं, आणि जो झोत फिरत राहायला हवा तो एकाच जागी दारावर मारा करत राहतो. दार लावण्याआधी दोन्ही पाती बोटाने एकेकदा पूर्ण फिरवून पाहिली की हे टळतं. मोठी कढई मागे, तोंड खाली करून ठेवावी.

रबर खरंच जातं तेव्हा ते दिसतं आणि हाताला कळतं. गरम पाणी, क्षार आणि रोजचा दाब यांनी ते कडक होतं, चपटं पडतं, दाबून सोडल्यावर पुन्हा फुगत नाही. कोपऱ्यात बारीक चिरा पडतात. कधी ते नुसतंच खोबणीतून सुटलेलं असतं किंवा त्यावर क्षाराचा पांढरा थर असतो, तेव्हा बदलायची गरज नसते. कोमट पाण्यात भिजवलेल्या कपड्याने पुसून, बोटाने दाबून ते परत बसतं. पेट्रोलियम जेली मात्र लावू नये. हे रबर बहुधा ईपीडीएम प्रकारचं असतं आणि त्याला खनिज तेल मानवत नाही, ते फुगतं आणि सैल पडतं. खालची पट्टी बदलायला काही यंत्रांत दाराचा पत्रा उघडावा लागतो, ते काम तंत्रज्ञाकडेच द्यावं.

रबर पुसण्याला आणखी एक कारण आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्लोव्हेनियातल्या संशोधकांनी १८ देशांतल्या १८९ घरगुती डिशवॉशरांची रबरं तपासली. त्यांतल्या ६२ टक्क्यांवर बुरशी आढळली, आणि अशा यंत्रांपैकी निम्म्याहून अधिक यंत्रांत एक्सोफिआला ही काळी, उष्णता आणि क्षार सोसणारी बुरशी होती. निरोगी माणसाला तिचा सहसा त्रास होत नाही. प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांत आणि सिस्टिक फायब्रोसिस असणाऱ्यांच्या फुप्फुसांत मात्र तिचा संसर्ग आढळला आहे. घरात असा रुग्ण असेल तर यंत्र थांबताच वाफेत तोंड घालू नये आणि घड्यांतला काळा थर आठवड्यातून एकदा पुसावा.

कोथरूडला आजींनी बार सोडला नाही, पण तो आता फक्त दुधाच्या पातेल्यापुरता राहिला आहे आणि ते पातेलं सिंकमध्येच घासून होतं. बाकीच्या भांड्यांचं खरकटं त्या चमच्याने काढतात आणि तशीच जाळीत लावतात. दाराच्या डाव्या कोपऱ्याखाली सुनेने महिनाभर वर्तमानपत्राचा एक कागद पसरून ठेवला होता. तो कोरडाच राहिला.