आईच्या औषधांची पिशवी

समजा, साताऱ्याची सत्तरीतली आई पहिल्यांदाच मुलीकडे न्यूजर्सीला दोन महिन्यांसाठी निघाली आहे. मधुमेह, रक्तदाब आणि थायरॉइड, असे तिन्ही आजार सोबत आहेत. घरात लोणच्याच्या बरणीवर चर्चा चाललेली असते, पण तयारी औषधांपासून सुरू करावी.

आधी हिशेब. मुक्काम 60 दिवसांचा, वर 10 दिवस जादा धरा. रक्तदाबाची रोज एक गोळी म्हणजे 70, मधुमेहाची दोन वेळची म्हणजे 140. दहाच्या पट्टीने अनुक्रमे 7 आणि 14 पट्ट्या. अमेरिकेत स्वतःपुरती साधारण 90 दिवसांची औषधं नेता येतात, त्यामुळे अडचण नाही. पट्ट्या मात्र अखंड घ्या. आपल्याकडे दुकानदार कात्रीने चार गोळ्या कापून देतो, तेव्हा औषधाचं नाव आणि मुदत बहुतेक वेळा उरलेल्या तुकड्यावर राहते. घरच्या डबीत काढून ठेवलेल्या सुट्या गोळ्या तर कुणालाच ओळखता येत नाहीत.

डॉक्टरांकडून टाइप केलेली, सही-शिक्क्याची चिठ्ठी घ्या. तिच्यात कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव आणि मात्रा हवी, कारण आपले ब्रँड तिथे कुणाला माहीत नसतात. पॅरासिटामॉललासुद्धा तिथे अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात. चिठ्ठीवरचं नाव पासपोर्टप्रमाणेच असावं. दवाखान्याच्या फायलीत आईचं नाव अनेकदा घरगुती किंवा अर्धवट लिहिलेलं असतं, ते आधी तपासा.

इन्सुलिन असेल तर ते मोठ्या बॅगेत कधीच टाकू नका. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखं दिसलं तरी वापरायचं नसतं. हातातल्या पिशवीत, थंड पाऊचमध्ये, पण बर्फाला थेट न टेकवता ठेवा. औषधांना 100 मिलिलिटरची मर्यादा लागू नसते, फक्त तपासणीच्या वेळी ती बाहेर काढून सांगावं लागतं. पश्चिमेकडे जाताना दिवस साडेनऊ-साडेदहा तासांनी लांबतो. इन्सुलिन कधी आणि किती घ्यायचं, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून भारतीय वेळेनुसार कागदावर लिहून घ्या. साखर उतरली तर म्हणून ग्लुकोज आणि बिस्किटंही त्याच पिशवीत ठेवा.

याच पिशवीत पासपोर्ट, विम्याचा कागद, चष्मा, शाल आणि मोठ्या अक्षरांत लिहिलेला मुलीचा पत्ता व फोन नंबर. पिशवी आईच्याच खांद्याला हवी, सोबतच्याकडे नको. व्हीलचेअर किमान 48 तास आधी विमान कंपनीकडे नोंदवा. आईला चालता येत असलं तरी लांबच लांब रांगांत ती थकते.

खाऊचं थोडक्यात: ताजा कढीपत्ता अमेरिकेत चालत नाही. प्रवास दुबईमार्गे असेल तर अनारशांवरची खसखसही नको, तिथे तिच्यावर बंदी आहे. बाकी जे न्याल ते कस्टम्सला विचारलं की स्पष्ट सांगा, हे आईलाही आधीच समजावून ठेवा.