लेखांक ७ : नॅसच्या वाटेवर हवेतले टप्पे किती?

गेल्या आठवड्यात नॅसमध्ये डिस्क कशा बसवायच्या ते पाहिलं. डिस्क बसल्या, फोल्डर दिसू लागले, की माणूस हौसेने पहिली मोठी कॉपी लावतो आणि पडद्यावर ‘एक तास बाकी’ पाहून हिरमुसतो. मग बहुतेक जण इंटरनेटचा प्लॅन वाढवतात. तो खर्च इथे वाया जातो. लॅपटॉपवरून घरातल्या नॅसवर जाणारी फाइल घराबाहेर पडतच नाही, त्यामुळे प्लॅन शंभरचा असो की पाचशेचा, या कॉपीला काही फरक पडत नाही.

डोंबिवलीतल्या एका घराचं उदाहरण घेऊ. लग्नांचे फोटो काढणारा माझा एक मित्र तिथे राहतो. एका लग्नाच्या रॉ फाइल्स साधारण ६० जीबी भरतात. मुख्य राउटर दाराजवळ, कारण फायबर तिथूनच आत येते. लॅपटॉप हॉलच्या शेजारच्या खोलीत, मध्ये एक भिंत. नॅस मात्र आवाज करतो म्हणून पार मागच्या बेडरूममध्ये, मेशच्या दुसऱ्या डब्याला केबलने जोडलेला. कॉपीचा वेग सेकंदाला १७ एमबीच्या आसपास, म्हणजे साठ जीबीला जवळजवळ तास. “अरे, पण नॅस तर वायरनेच जोडलाय!” ही त्याची तक्रार.

वायर होती, पण ती नॅसपासून मेशच्या डब्यापर्यंतच. तो डबा राउटरशी वायफायनेच बोलत होता. म्हणजे फोटो लॅपटॉपहून राउटरकडे एकदा हवेतून जायचा आणि राउटरहून मागच्या डब्याकडे पुन्हा एकदा. वायफायचं चॅनल एकपदरी पुलासारखं असतं, एका वेळी एकानेच जायचं. हे दोन्ही टप्पे ५ गिगाहर्ट्‌झच्या एकाच चॅनलवर होते. त्यामुळे पहिला टप्पा चालू असताना दुसरा थांबतो.

हिशोब करून पाहू. पहिला टप्पा एकटाच चालला तर सेकंदाला ४५ एमबी देत होता, म्हणजे एका एमबीला सुमारे २२ मिलिसेकंद. मधल्या दोन भिंतींमुळे दुसरा टप्पा २८ एमबीवर अडकलेला, म्हणजे एका एमबीला ३६ मिलिसेकंद. वेग सरासरीने जुळत नाहीत, वेळ बेरजेने जुळतो. २२ आणि ३६ मिळून ५८ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला १७ एमबी. त्याच्या पडद्यावरचा आकडा नेमका हाच होता. ज्या मेशमध्ये डब्यांच्या आपसातल्या बोलण्यासाठी वेगळा रेडिओ असतो, तिथे ही बेरीज टळते. स्वस्त संचांत तो सहसा नसतो.

आता खोक्यावरच्या आकड्याबद्दल. दोन अँटेनांचा, वायफाय ५ चा लॅपटॉप अगदी जवळून ८६६ एमबीपीएस दाखवतो. आठाने भागलं की १०८ एमबी व्हायला हवेत, पण एकाच खोलीत बसूनही हाताशी साधारण ६० ते ७० येतात. हा रेडिओचा दोष नाही. बोलण्याआधी चॅनल मोकळं आहे का ते ऐकायचं, पाठवलेलं पोचल्याची पावती घ्यायची, शेजाऱ्यांचे राउटर बोलत असतील तर थांबायचं, या सगळ्यात वेळ जातो. शिवाय पाठवणं आणि घेणं एकाच चॅनलवर आळीपाळीने चालतं. भिंत आली की ८६६ चे ५८५ होतात, आणखी एक आली की ३९०. विंडोजमध्ये हा आकडा या आज्ञेने दिसतो:

```
netsh wlan show interfaces
```

यातल्या `Transmit rate` च्या निम्म्याहून थोडं अधिक हाती लागेल असं धरा. नॅसवर कॉपी करताना पाहायचा तो हाच आकडा.

तरी दोष वायफायचाच आहे हे गृहीत धरू नये, डिस्कही अडत असेल. नॅसवर `iperf3 -s` चालू ठेवून लॅपटॉपवर ही आज्ञा द्यायची (पत्ता आपल्या नॅसचा घालायचा):

```
iperf3 -c 192.168.1.20
```

यात डिस्क येतच नाही, फक्त रस्ता मोजला जातो. उत्तर मेगाबिटमध्ये येतं, आठाने भागायचं. ते कॉपीच्या वेगाच्या जवळपास आलं तर अडचण रस्त्यात आहे. बरंच जास्त आलं तर रस्ता सोडून नॅसकडे वळा.

मित्राच्या घरी पहिला उपाय फुकटातला होता. नॅस उचलून मुख्य राउटरशेजारी ठेवला आणि राउटरच्याच पोर्टमध्ये जोडला. हवेतला एक टप्पा गेला, वेग ४५ वर आला आणि तासाचं काम बावीस-तेवीस मिनिटांवर. आवाजाचं म्हणाल तर दाराजवळच्या लॉफ्टवर, खाली रबराचा तुकडा घालून आणि हवा खेळती ठेवून काम भागलं.

मग तो म्हणाला, आता लॅपटॉपलाही वायर लावू. बिल्डरने भिंतीत टाकलेली केबल होतीच. ती जोडली आणि वेग ११ एमबीवर आला! वायफायच्या पावपट. हा आकडा ओळखून ठेवा. कितीही वेळ कॉपी केली तरी ११-१२ वरून हलत नसेल, तर जोडणी शंभर मेगाबिटवर चालली आहे. शंभरला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. भिंतीतल्या केबलच्या चारच तारा सॉकेटला लावलेल्या होत्या, बाकीच्या चार कापून सोडलेल्या. आठही तारा नीट बसवल्यावर ११० एमबी मिळाले आणि साठ जीबी नऊ-दहा मिनिटांत. काही राउटरांचे पोर्टही शंभरचेच असतात, तेव्हा केबलला दोष देण्याआधी तेही पाहावं. केबल मात्र साधी कॅट ५ई पुरते. गिगाबिट ती शंभर मीटरपर्यंत नेते, आणि फ्लॅटमध्ये एवढं अंतर कुठून आणणार.

जिथे वायर शक्यच नाही, तिथे जागा बदलून किती फायदा होईल हे आधी तपासता येतं. लॅपटॉप राउटरसमोर नेऊन तीच कॉपी करायची. वेग दुप्पट झाला तर जागेत दम आहे. राउटर चपलांच्या कपाटातून, टीव्हीच्या मागून किंवा फ्रिजवरून काढून मोकळ्यावर, डोक्याच्या उंचीला ठेवा. फायबरचा डबा दाराशीच राहू दे, त्याच्यापासून लांब केबल ओढून राउटर घराच्या मध्यावर आणता येतो. पण समोर बसूनही वेग तेवढाच राहिला, तर राउटर कुठेही हलवा, व्यर्थ. लॅपटॉप २.४ गिगाहर्ट्‌झवर तर अडकलेला नाही ना, एवढं मात्र बघा.

एक दुखणं जागेने फारसं बरं होत नाही, ते म्हणजे बारीक फाइल्स. मित्राच्या एडिटिंग कॅटलॉगमधली वीस हजार छोटी प्रीव्ह्यू चित्रं कॉपी होताना वेग दोन-तीन एमबीवर घसरतो. प्रत्येक फाइल उघडणं, लिहिणं, बंद करणं यासाठी लॅपटॉप आणि नॅस यांच्यात काही फेऱ्या होतात. फाइलमागे आठ फेऱ्या आणि वायफायवर फेरीला चार मिलिसेकंद धरले, तर वीस हजार फाइल्सना दहा मिनिटांहून अधिक वेळ नुसता वाट पाहण्यात जातो. वायरवर फेरी अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत होते, म्हणून तोच वेळ मिनिट-दीड मिनिटावर येतो. वायर नसेल तर सगळं एका झिपमध्ये बांधून पाठवावं.

रोज साठ जीबी ढकलणाऱ्याने केबल टाकावीच, पण प्रत्येक घरात भिंती फोडायची गरज नाही. फोनमधले दिवसभराचे फोटो आणि रात्री आपोआप चालणारा दोन-चार जीबीचा बॅकअप यांना १७ एमबीसुद्धा रग्गड. फक्त पहिला पूर्ण बॅकअप नॅसशेजारी बसून, तात्पुरती केबल लावून उरकून घ्यावा.